दुकानातल्या मालाची ए-बी-सी वर्गवारी: न खपणारं झुंबर ‘ए’मध्ये आणि रोज खपणारी वायर ‘बी’मध्ये, हे कसं?

मालाडचा_वायरवाला

मालाड पश्चिमेला इलेक्ट्रिकच्या सामानाचा गाळा आहे, वर पोटमाळा. माल लोहार चाळीतून येतो. नऊशेच्या आसपास आयटम आहेत आणि सगळ्यांवर सारखं लक्ष ठेवणं जमत नाही, म्हणून ए-बी-सी लावायला घेतलं. 31 मार्चची शिल्लक काढली, प्रत्येक आयटमची शिल्लक गुणिले एमआरपी केली, मोठ्या आकड्यापासून खाली लावलं आणि वरच्या 80 टक्के रकमेला ‘ए’ दिला, पुढच्या 15 ला ‘बी’, उरलेल्याला ‘सी’.

आता ‘ए’मध्ये सहा झुंबरं आली आहेत, ज्यांतलं वर्षभरात एक गेलं. दीड एमएमची लाल वायर ‘ए’मध्ये, पण त्याच वायरची पिवळी आणि निळी ‘बी’मध्ये. पंखे पण ‘बी’मध्ये. ही यादी घेऊन काय करू? पद्धतच इलेक्ट्रिकच्या धंद्याला लागू पडत नाही का?

पक्का_हिशेब

पद्धत लागू पडते, आकडा चुकीचा घेतलात. 31 मार्चची शिल्लक म्हणजे त्या दिवशी फळीवर काय उभं होतं एवढंच. न खपणारा माल नेमका त्याच दिवशी सगळ्यात जास्त उभा असतो, म्हणून झुंबर वर आलं. एबीसीला लागतो तो वर्षभरात दुकानातून गेलेला माल: वर्षात विकलेले नग गुणिले एका नगाचा खरेदीभाव.

एमआरपी पण सोडा. स्विचच्या एमआरपीवर जेवढी सूट असते तेवढी वायरवर नसते, त्यामुळे एमआरपी धरली की स्विच-सॉकेट फुगतात आणि वायर दबते. तुमचं भांडवल खरेदीभावाने अडकतं, तोच धरा. नियमित जीएसटीत असाल तर कर वगळून, कारण तो परत वळता होतो. कंपोझिशनमध्ये असाल तर करासकट, कारण तिथे भरलेला कर परत मिळत नाही, तो तुमचा खर्चच झाला.

बारा आयटम इथे टाका. वर्षाचे विकलेले नग आणि खरेदीभाव, बस. रंगांचं त्यानंतर बघू.

बोरीवली_लोकल

एवढा हिशेब कशाला? 80-20चा नियम आहे. वरचे 20 टक्के आयटम ‘ए’. तुमचे नऊशे आहेत ना, मग वरचे 180 उचला, संपला विषय.

पक्का_हिशेब

@बोरीवली_लोकल, अर्धं बरोबर आहे. थोड्या आयटममध्ये बरीच रक्कम असते हे खरं, पण ते 20 टक्केच निघतील असं कुणी लिहून दिलेलं नाही. एखाद्या दुकानात 8 टक्के आयटममध्ये 80 टक्के रक्कम निघते, एखाद्यात 30 टक्के लागतात. आधीच 180 ठरवलेत आणि खरे ‘ए’ 70च निघाले, तर उरलेल्या 110 आयटमची दर सोमवारी फुकट मोजणी होणार. रेघ रकमेवर मारायची. आयटम किती येतील ते आपोआप दिसतं.

किराणा_भांडुप

आमच्याकडे तांदळात ए माल, बी माल असतोच. ए म्हणजे एकसारखा दाणा, बी म्हणजे कणी जास्त. ए माल पुढे मांडायचा, बी मागे. गिऱ्हाईक आपोआप ए घेतं. वायरवाल्यांनी पण चांगल्या कंपनीचा माल पुढे मांडावा.

औषधवाली_दादर

काका, तो दर्जा झाला. इथे ‘ए’ म्हणजे वर्षभरात जास्त पैसे ज्यातून फिरतात तो माल, मग तो कितीही साधा असो. तुमच्या दुकानात कदाचित साखर आणि तेल ‘ए’ येईल, आणि महागडं केशर ‘सी’.

किराणा_भांडुप

केशर ‘सी’? एक ग्रॅमची डबी केवढ्याला येते माहीत आहे ना?

औषधवाली_दादर

डबीचा भाव नाही बघायचा, काका. वर्षात किती डब्या गेल्या त्याने गुणायचं. पाच डब्या गेल्या असतील तर गुणाकार तेलाच्या जवळपासही येणार नाही. केशर गल्ल्यामागे कुलपात ठेवा ते ठेवाच, पण ते चोरीच्या भीतीने. या यादीशी त्याचा संबंध नाही.

मालाडचा_वायरवाला

सॉफ्टवेअरमधून वर्षाची विक्री काढली. भाव कर वगळून, सोयीसाठी गोल केले आहेत. वायरचे रंग तात्पुरते एकत्र केले.

| आयटम | वर्षाचे नग | खरेदीभाव ₹ | वर्षाची रक्कम ₹ |
|---|---|---|---|
| वायर 1.5 एमएम, 90 मीटर कॉइल | 240 | 1,800 | 4,32,000 |
| वायर 2.5 एमएम, 90 मीटर कॉइल | 90 | 2,900 | 2,61,000 |
| छताचा पंखा | 130 | 1,500 | 1,95,000 |
| एलईडी बल्ब 9 वॉट | 1,100 | 60 | 66,000 |
| एमसीबी सिंगल पोल | 400 | 110 | 44,000 |
| स्विच 6 अँपिअर | 1,800 | 18 | 32,400 |
| सॉकेट 6 अँपिअर | 500 | 45 | 22,500 |
| ट्यूब पट्टी 20 वॉट | 100 | 150 | 15,000 |
| पंख्याचा रेग्युलेटर | 60 | 200 | 12,000 |
| इन्सुलेशन टेप | 1,200 | 8 | 9,600 |
| बल्ब होल्डर | 400 | 15 | 6,000 |
| पंख्याचा कंडेन्सर 2.5 | 150 | 30 | 4,500 |

एकूण 11,00,000. पण शीटमध्ये सूत्र टाकलं तर पंखा अजूनही ‘बी’ म्हणून येतो! तिसऱ्या नंबरवर आहे तरी.

पक्का_हिशेब

वरून बेरीज करत या. पहिली वायर 39.3 टक्के, दुसरी धरून 63.0, पंखा धरून 80.7. तुमच्या सूत्रात «बेरीज 80 किंवा कमी असेल तर ए» असं असणार. पंख्याने 80ची रेघ जेमतेम ओलांडली, म्हणून सूत्राने त्याला बाहेर काढलं. बऱ्याच शीटमध्ये ही चूक असते. एखाद्या दुकानात पहिलाच आयटम 82 टक्के निघाला, तर या सूत्राने तिथे एकही ‘ए’ उरणार नाही.

रेघ ओलांडणारा आयटम वरच्या गटातच राहायला हवा. म्हणून आयटमच्या आधीची बेरीज तपासायची. यादी D रकान्यावर मोठ्याकडून लहानाकडे लावून घ्या आणि हे खाली ओढा:

```
D2: =B2*C2
E2: =SUM(D$2:D2)/SUM(D$2:D$13)
F2: =E2-D2/SUM(D$2:D$13)
G2: =IF(F2<0.8,"A",IF(F2<0.95,"B","C"))
```

पंख्याच्या आधी 63.0 होते, म्हणजे तो ‘ए’. बल्बच्या आधी 80.7, म्हणून ‘बी’. सॉकेटच्या आधी 93.7 असल्याने तोही ‘बी’त बसतो. ट्यूब पट्टीच्या आधी 95.7, तिथून खाली ‘सी’. झाले तीन ‘ए’, चार ‘बी’, पाच ‘सी’.

आणि सूत्र काहीही म्हणो, रकमांचा रकाना एकदा डोळ्यांनी वाचा. पंख्याचे 1,95,000 आणि लगेच खाली बल्बचे 66,000. एवढा मोठा कडा जिथे दिसतो तिथेच खरी रेघ असते. 80 आणि 95 हे आकडे सोयीचे आहेत, कायद्याचे नाहीत. कडा 77 वर पडला तर 77 वर रेघ मारा.

मालाडचा_वायरवाला

सूत्र बसलं, पंखा वर आला. आता रंगांचं सांगा. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंग वेगळा आयटम आहे. दीड एमएममध्ये लाल 80, काळी 80, हिरवी 50, पिवळी 15, निळी 15 कॉइल. अडीचमध्ये लाल 35, काळी 35, हिरवी 20.

पक्का_हिशेब

रंग सुटे ठेवून तीच यादी परत लावली तर काय होतं ते बघा. पंखा एकदम वर जातो. पिवळी आणि निळी प्रत्येकी 27,000 वर येतात आणि ‘बी’मध्ये उतरतात. वायरची रक्कम तुकड्यांत वाटली गेल्यामुळे बल्ब उगाच ‘ए’मध्ये चढतो. प्रत्यक्षात दुकानात काहीच बदललेलं नसतं, फक्त नावं वाढली.

म्हणून दर्जा कुटुंबाला द्या, मोजणी आणि ऑर्डर रंगाप्रमाणे करा. दीड एमएम वायर हे एक कुटुंब, त्याला ‘ए’. मग त्यातले पाचही रंग ‘ए’च्या शिस्तीने चालतील. एका कंपनीचा पंखा पांढरा, तपकिरी, आयव्हरी, हेही तसंच.

पण हेही ताणू नका. सगळी मॉड्युलर प्लेट, स्विच, सॉकेट एका कुटुंबात घातले की ते कुटुंब ‘ए’ होईल आणि त्यातली 12 मॉड्यूलची प्लेट, जी वर्षात चार जाते, तीही दर आठवड्याला मोजत बसाल. माझी कसोटी साधी आहे: गिऱ्हाईक जे एकत्रच मागतं ते एक कुटुंब.

वायरमन_चेंबूर

वायरीच्या बाबतीत ही कसोटी अगदी लागू पडते. सिंगल फेजच्या कामाला लाल फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला लागते. दुकानात काळी नसेल तर मी लाल पण घेत नाही, तिन्ही एका जागी मिळतील तिथे जातो. पिवळी-निळी थ्री फेजच्या कामाला लागते, ती रोज नाही लागत. पण लागली की लाल, पिवळी, निळी तिन्ही एकदम पाहिजेत.

पक्का_हिशेब

हे फार कामाचं बोललात. म्हणजे काळ्या वायरचा तुटवडा 1,800चा नसतो, तीन कॉइलचा असतो. हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

आता मालाडकरांना ‘ए’चं लक्ष म्हणजे नेमकं काय ते सांगतो. दर सोमवारी गाळा उघडायच्या आधी फक्त ‘ए’ मोजा. वायरीच्या आठ ओळी आणि पंखे, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पुस्तकी आकड्याशी ताडा. फरक आला तर त्याच आठवड्याची बिलं बघायची असतात, म्हणून कारण सापडतं. वर्षाखेरीस तोच फरक सापडला तर कपाळाला हात लावून बसण्यापलीकडे काही उरत नाही.

किती ठेवायचं? लाल वर्षाला 80, म्हणजे आठवड्याला दीड. माल दोन दिवसांत येत असेल तर सरासरीने एक कॉइल पुरेल असं वाटतं. तसं होत नाही, कारण विक्री एकेक कॉइलने होत नाही. वायरमन एका फ्लॅटच्या कामाला एकदम उचलतो. म्हणून किमान शिल्लक सरासरीवरून नको, एका बिलात सर्वात जास्त किती जातं त्यावरून ठरवा. वर्षाची बिलं चाळा. समजा लाल 3, काळी 3, हिरवी 2, पिवळी 1, निळी 1 निघाली. म्हणजे दीड एमएमच्या 10 कॉइल, 18,000 रुपये. यातला कुठलाही रंग किमानाच्या खाली गेला की त्याच दिवशी ऑर्डर. सध्या किती आहेत?

मालाडचा_वायरवाला

पोटमाळ्यावर धरून 40. त्यात पिवळीच 11 आहेत, आता मोजल्यावर कळलं.

पक्का_हिशेब

म्हणजे 72,000चा माल, त्यातला 30 कॉइलचा, म्हणजे 54,000चा, जास्तीचा. पिवळी वर्षाला 15 जाते, 11 म्हणजे जवळजवळ नऊ महिन्यांचा साठा झाला. ‘ए’वर लक्ष ठेवायचं म्हणजे भरपूर भरून ठेवायचं असा समज फार आहे. खरं उलट आहे: ‘ए’ कमी ठेवायचा आणि वारंवार मागवायचा.

तांबं_वर_खाली

इथे मी सहमत नाही. वायर म्हणजे तांबं. तांब्याचा भाव चढला की कंपनीची नवीन यादी येते. त्या 30 कॉइल पोटमाळ्यावर होत्या म्हणून भाव 5 टक्के वाढला तर 2,700 बसल्याजागी सुटले. 54,000चं व्याज वर्षाला 12 टक्के धरलं तरी महिन्याला 540. पाच महिन्यांचं व्याज एका भाववाढीत निघालं. लोहार चाळीत निम्मा धंदा असाच चालतो.

पक्का_हिशेब

गणित बरोबर आहे, पण ती सट्ट्याची खरेदी झाली. भाव उतरला तर तेच 2,700 जातात, कारण शेजारचा दुकानदार नव्या भावाने विकतो आणि तुम्हालाही उतरावं लागतं. करायचं असेल तर जरूर करा, पण ती 30 कॉइल वेगळी लिहा: कधी घेतली, काय भावाने, कधीपर्यंत ठेवणार. रोजच्या साठ्यात मिसळली की पिवळीच्या 11 कॉइल होतात. पिवळीवर कुणी मुद्दाम सट्टा लावला असेल असं वाटत नाही.

तांबं_वर_खाली

पिवळीचं मान्य. बाकी मी भरणारच.

औषधवाली_दादर

‘सी’बद्दल कुणी बोललं नाही. यादीत शेवटचा पंख्याचा कंडेन्सर, वर्षाला फक्त 4,500. आमच्याकडे असे आयटम असतात: रक्कम नगण्य, पण नसला तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो आणि पुढची सगळी औषधं तिथूनच घेतो. म्हणून आम्ही रकमेच्या दर्जाबरोबर दुसरी खूण ठेवतो: नसून चालणार नाही, नसला तर त्रास, नसला तरी चालेल. इन्सुलिन आमच्याकडे ‘ए’ही आहे आणि नसून चालणार नाही असंही, वर 2 ते 8 अंशांत ठेवायचं, म्हणून ते फ्रिज उघडतानाच रोज मोजलं जातं. पण ओआरएसची पुडी ‘सी’ असूनही पहिल्या खुणेची आहे.

वायरमन_चेंबूर

बरोबर. मे महिन्यात पंखा बंद पडला की दहातल्या बऱ्याच वेळा कंडेन्सरच असतो. तीस रुपयांचा माल, पण गिऱ्हाईक घामाने निथळत उभं असतं.

पक्का_हिशेब

ताईंचं अगदी योग्य. ‘सी’ म्हणजे दुर्लक्ष असा अर्थ घेतला की इथेच फसतं. ‘सी’वर वेळ घालवायचा नाही, त्याऐवजी थोडे पैसे घालायचे. कंडेन्सरसाठी दोन डबे करा, प्रत्येकात 20. पुढचा डबा संपला की मागचा उघडा आणि त्याच दिवशी 20 लिहून ठेवा. मोजणी नाही, रजिस्टर नाही. दोन्ही डबे भरलेले असले तरी 1,200 रुपये अडकतात. उन्हाळ्याआधी डब्यात 20ऐवजी 30 करा. टेप आणि होल्डरलाही असेच डबे. असा माल वर्षातून एकदा मोजला तरी चालतो.

‘बी’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. महिन्यातून एकदा मोजा. एमसीबीत मात्र 6, 10, 16, 32 अँपिअर वेगळे बघा, नाहीतर एकूण आकडा छान दिसतो आणि 16चा खोका रिकामा असतो.

गोरेगावचा_अकाउंटंट

दोन तपासण्या केल्याशिवाय या यादीवर विश्वास ठेवू नका.

पहिली: नऊशेच्या नऊशे आयटमची वर्षाची बेरीज करा. ती व्यापार खात्यातल्या आकड्याशी जुळली पाहिजे: सुरुवातीची शिल्लक अधिक वर्षाची खरेदी वजा अखेरची शिल्लक. एक-दोन टक्के इकडेतिकडे चालेल. दहा टक्के फरक असेल तर नगांत किंवा भावात घोळ आहे.

दुसरी, वायरवाल्यांसाठी खास: एकक. खरेदी कॉइलमध्ये, पण तुकड्याने विकलेली वायर बिलात मीटरमध्ये असते. काळीच्या 10 कॉइल कापून विकल्या असतील तर सॉफ्टवेअर 900 नग दाखवेल. त्याला 1,800ने गुणलं की 16,20,000 येतात, तुमच्या बाराही आयटमच्या बेरजेपेक्षा जास्त. मीटरचा भाव 20 रुपये, त्याने गुणा. सॉफ्टवेअरमध्ये विक्रीच्या रकान्यात रक्कम बहुधा विक्रीभावाने दिसते, म्हणून तिथून फक्त नग उचला आणि भाव खरेदीचा घ्या.

मालाडचा_वायरवाला

मीटरचा घोळ माझ्याकडे होताच, आत्ता सापडला. अर्धी कॉइल सोमवारी कशी मोजायची?

वायरमन_चेंबूर

कापलेली कॉइल वेगळ्या खुंटीला टांगा आणि दर वेळी कापल्यावर उरलेले मीटर चिकटपट्टीवर लिहा. एका रंगाची एकच कापलेली कॉइल असू द्या. दोन उघडल्या की शेवटी दोन्हींचे पाच-सहा मीटरचे तुकडे उरतात आणि ते कोणी घेत नाही.

मालाडचा_वायरवाला

आणि झुंबरांचं काय? वर्षात एक गेलं, म्हणजे नव्या यादीत ते ‘सी’ झालं. पण 60,000 अडकलेत ना!

पक्का_हिशेब

ते या यादीला दिसणारच नाही. एबीसी वाहत्या पाण्याची यादी आहे, साचलेल्याची नाही. तुमची पहिली, 31 मार्चची यादी फेकू नका, तिचा उपयोग इथे आहे. शिल्लक रक्कम खरेदीभावाने लावा आणि शेजारी शेवटच्या विक्रीची तारीख टाका. शिल्लक मोठी आणि तारीख सहा महिन्यांहून जुनी, असे जे निघतील ते पडीक. दोन याद्या शेजारी धरल्या की कळतं: झुंबर एका यादीत तळाला, दुसरीत माथ्यावर. असा माल परत जातो का विचारा, नाहीतर खरेदीभावाला काढा आणि नवा मागवू नका.

बोरीवली_लोकल

मग तोरणं? गणपती आणि दिवाळीला लायटिंगच्या माळा एवढ्या जातात की वर्षाच्या हिशेबात ‘ए’ येतील. फेब्रुवारीत दर सोमवारी मोजायच्या?

पक्का_हिशेब

चांगला प्रश्न. मी तिमाहीची यादी वेगळी लावतो, म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये माळा ‘ए’, एरवी ‘सी’. मात्र चालू तिमाहीची नाही, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीची विक्री धरायची, नाहीतर ‘ए’चा दर्जा सण संपल्यावर मिळतो.

गोरेगावचा_अकाउंटंट

मला ते पटत नाही. तिथी सरकते. गणपती एका वर्षी ऑगस्टमध्ये, दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यात. दिवाळी कधी ऑक्टोबर, कधी नोव्हेंबर. अधिक महिना आला की सगळंच पुढे ढकललं जातं. त्यापेक्षा सणाचा माल एबीसीतून पूर्ण बाहेर काढा, सणाआधी किती आठवडे ते धरून स्वतंत्र वही ठेवा.

पक्का_हिशेब

मग पंख्यांचं काय करणार? तेही मार्च ते जूनचेच. एकेक करून बाहेर काढत गेलात तर यादीत वायर आणि टेपच उरतील.

गोरेगावचा_अकाउंटंट

पंखा नोव्हेंबरातही थोडा जातो. माळ मार्चमध्ये कोण घेतो?

तांबं_वर_खाली

लग्नवाले घेतात.

मालाडचा_वायरवाला

सध्या माळा वेगळ्या वहीत ठेवतोय, पंखे यादीतच. नऊशे आयटमची बेरीज व्यापार खात्यातल्या आकड्यापेक्षा 3 टक्के जास्त येते आहे. मीटरवाल्या आणखी दोन ओळी निघाल्यात, केबल आणि केसिंग पट्टी. त्या दुरुस्त करून परत लावतो. पिवळीच्या 11 कॉइल कुणाला थ्री फेजच्या कामाला हव्या असतील तर सांगा.

वायरमन_चेंबूर

दोन ठेवा माझ्यासाठी. पण लाल आणि निळी पण तेवढीच लागेल.